फ्रेंचमधलं ‘काय’, ‘कोण’ आणि ‘कोणता’: सायकल चोरीला गेली आणि व्याकरण उघडं पडलं

मुक्ता_लियों · शनिवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. तीन वर्षं झाली लियोंमध्ये येऊन. बी-वनची परीक्षा पास आहे, दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे सगळं निभतं. मागच्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या तळघरातून माझी सायकल गेली. पोलिसांत जाऊन आले, आणि आता विमा कंपनीला पत्र लिहायचं होतं: काय झालं, पोलिसांनी काय काय विचारलं, मी काय सांगितलं. दीड पान लिहिलं. ऑफिसातल्या एका फ्रेंच मैत्रिणीला वाचायला दिलं तर तिने लाल पेनने पानाची होळी केली. गंमत म्हणजे क्रियापदं बरीचशी बरोबर आहेत. चुकलंय ते सगळं ‘काय’, ‘कोण’ आणि ‘कोणता’ यांत!

फोनवर रोमन टंकायचा कंटाळा येतो, म्हणून फ्रेंच देवनागरीतच लिहिते, कानाला ऐकू येतं तसं. सांभाळून घ्या.

पोलिसाने मला विचारलं होतं:
‘केस्की से पासे?’ (काय झालं?)
‘केस्क वू झावे व्यू?’ (तुम्ही काय पाहिलंत?)
‘की एस्की आ ला क्ले द ला काव?’ (तळघराची किल्ली कोणाकडे आहे?)
‘लकेल ए ता वू?’ (सायकलींचा एक फोटो दाखवून: यातली तुमची कोणती?)

मी पत्रात ‘इल मा दमांदे’, म्हणजे ‘त्याने मला विचारलं’, असं लिहून पुढे हेच प्रश्न जसेच्या तसे चिकटवले. फक्त ‘तुम्ही’चं ‘मी’ केलं. पहिल्या दोन्हींवर काट. तिसऱ्यात ‘एस्की’वर काट. चौथ्यात मी ‘लाकेल’ लिहिलं होतं, तिने ‘लकेल’ केलं. कारण विचारलं तर म्हणाली, “असंच असतं.” कोणी मराठीतून समजावेल का?

---

कोडकर · ९:४०

मुक्ता, हे सोपं आहे. मी ए-टूला असताना एक युक्ती बसवली होती. मराठीत आपण म्हणतो ‘काय झालं ते सांग’. ते ‘ते’ म्हणजे फ्रेंचमधलं ‘स’. ‘दी म्वा स की से पासे.’ तू काय पाहिलंस ते सांग: ‘स क त्यु आ व्यू’. थेट प्रश्नात ‘ते’ नसतं म्हणून ‘स’ नसतो, वाक्याच्या पोटात प्रश्न गेला की ‘ते’ येतं म्हणून ‘स’ येतो. मराठी वाक्य मनात म्हणायचं, ‘ते’ ऐकू आलं की ‘स’ लावायचा. संपलं.

---

अभ्यासू_आई · १०:०५

माझा मुलगा नववीत आहे, फ्रेंच घेतलंय (गुण मिळतात म्हणून, खोटं कशाला बोला). त्याच्या वहीत ‘एस्क’ आहे आणि ‘केस्क’ पण आहे. मुक्ताताईंचा प्रश्न हाच आहे ना? कारण ‘एस्क’ असेल तर पुढे ‘सी’ लावायचं असं त्याच्या बाईंनी सांगितलंय. ‘तू येतोस का’ ते ‘तो विचारतो की तू येतोस का’. ‘सी त्यु व्हियां’. मग मुक्ताताईंनी पण ‘सी’ लावायचं का?

---

मुक्ता_लियों · १०:३१

@अभ्यासू_आई, नाही हो, ते हो-नाहीचे प्रश्न. ते मला जमतात. माझं घोडं ‘काय’पाशी अडलंय.

@कोडकर, युक्ती आवडली. पण मग ‘किल्ली कोणाकडे आहे ते विचारलं’ यातही ‘ते’ आहे. तिथे मी ‘स की आवे ला क्ले’ लिहू? मैत्रिणीने तर नुसतं ‘की आवे ला क्ले’ केलंय.

---

कोडकर · १०:३८

हम्म. तिने गडबडीत ‘स’ गाळला असेल.

---

पेन्शनीतली_फ्रेंच · ११:५०

गडबड तिची नाही, कोडकर, तुमची आहे. पण युक्ती अर्धी चांगली आहे, फेकून देऊ नका.

एकतीस वर्षं पुण्यात फ्रेंच शिकवलं. दर वर्षी मराठी मुलांची गाडी इथेच अडकायची, म्हणून जरा सावकाश सांगते.

आधी थेट प्रश्नांतली ती लांबलचक रूपं बघा. चार आहेत: ‘की एस्की’, ‘की एस्क’, ‘केस्की’, ‘केस्क’. मुलं ती पाढ्यासारखी पाठ करतात आणि परीक्षेत गोंधळतात. पाठ करू नका, कान लावा. प्रत्येकाला एक डोकं आहे आणि एक शेपूट आहे. डोकं सांगतं माणूस की वस्तू: ‘की’ने सुरू झालं तर माणूस, नुसत्या ‘क’ने सुरू झालं (‘केस’) तर वस्तू. शेपूट सांगतं ती व्यक्ती किंवा वस्तू वाक्यात काय करते: ‘की’ने संपलं तर कर्ता, ‘क’ने संपलं तर कर्म. म्हणून ‘केस्की से पासे’: डोकं वस्तूचं, शेपूट कर्त्याचं. ‘झालं’ ते काय, हा कर्ता. आणि ‘केस्क वू झावे व्यू’: डोकं वस्तूचं, शेपूट कर्माचं. पाहणारे तुम्ही, पाहिलेलं ते कर्म.

आता हेच प्रश्न ‘त्याने विचारलं’च्या पोटात घाला. मधला ‘एस’ गळतो, कारण तो प्रश्नाची घंटा वाजवायला होता आणि घंटा आता ‘विचारलं’नेच वाजवली. पुढे जे होतं ते मजेशीर आहे. माणसाचं फक्त डोकं उरतं आणि वस्तूचं फक्त शेपूट उरतं. ‘की एस्की’ आणि ‘की एस्क’ दोन्हींचं नुसतं ‘की’. ‘केस्की’चं ‘की’ आणि ‘केस्क’चं ‘क’. पण वस्तूचं बिनडोक शेपूट एकटं उभं राहू शकत नाही, त्याला टेकू लागतो. तो टेकू म्हणजे ‘स’. म्हणून ‘स की’ आणि ‘स क’. माणसाच्या ‘की’ला डोकं शाबूत आहे, त्याला टेकू कशाला?

म्हणून कोडकरांचं ‘ते’ फक्त ‘काय’च्या मागे चालतं. मराठीत ‘कोण आलं ते’, ‘कुठे गेला ते’, ‘कधी आला ते’ सगळीकडे ‘ते’ लागतं. फ्रेंचमध्ये ‘की’, ‘ऊ’, ‘कां’ यांना ‘स’ लागत नाही. मराठी ‘ते’ उदार आहे, फ्रेंच ‘स’ नाही.

---

कोडकर · १२:०२

मान्य. दहा वर्षं ही युक्ती लोकांना सांगत फिरलोय, देव मला क्षमा करो.

---

बंड्या_मॉन्ट्रियल · दुपारी १:१५ (माझी वेळ वेगळी, झोप येत नाही)

हे सगळं पुस्तकात ठीक. माझ्या ऑफिसात एकही माणूस ‘ज न से पा स क से’ म्हणत नाही. सगळे ‘शे पा से क्वा’ म्हणतात. सरळ ‘मला माहीत नाही ते काय आहे’, प्रश्नच आत चिकटवलेला. मुक्ताने तरी वेगळं काय केलं? ‘केस्क’ आत घातलं. फ्रान्समधून आलेला आमच्या टीममधला एक जण ‘शे पा केस्क से’ म्हणतो, तोही जन्माने फ्रेंचच. मग चूक कोणाची?

---

पेन्शनीतली_फ्रेंच · १:४०

बोलण्यात ऐकू येतं, नाकारत नाही. पण विमा कंपनीच्या पत्रात आणि परीक्षेच्या पेपरात ते चूकच धरतात, आणि मुक्ताच्या मैत्रिणीने काट मारली ती म्हणूनच. चहा पिताना तीच मैत्रीण तसं बोलत असेल.

---

बंड्या_मॉन्ट्रियल · १:४६

मग व्याकरण हे फक्त विमा कंपन्यांसाठी असतं असं म्हणू या.

---

पेन्शनीतली_फ्रेंच · १:५२

तुमच्या टीममधल्यांना विचारून बघा, नोकरीच्या अर्जात ते ‘शे पा से क्वा’ लिहितील का.

---

मुक्ता_लियों · २:२०

डोकं-शेपूट वाचून पत्र पुन्हा लिहायला घेतलं. बघा:

‘इल मा दमांदे स की सेते पासे, स क जावे व्यू, ए की आवे ला क्ले द ला काव.’

‘से पासे’चं ‘सेते पासे’ आणि ‘आ’चं ‘आवे’ मैत्रिणीने आधीच केलं होतं. ‘विचारलं’ भूतकाळात आहे म्हणून आतलं क्रियापदही एक पाऊल मागे जातं, तो भाग मला कळला. प्रश्नचिन्हही गेलं.

पण पोलिसाने आणखी एक विचारलं होतं, ‘तुम्हाला कोणाचा संशय आहे?’ ‘की एस्क वू सुप्सोने?’ हे आता ‘की ज सुप्सोने’ झालं. मराठीत ‘कोण’ आणि ‘कोणाचा’ ऐकूनच फरक कळतो. इथे दोन्हीकडे नुसतं ‘की’ उरलं, मग कर्ता कोण हे कसं कळतं?

---

पेन्शनीतली_फ्रेंच · ३:०५

क्रमावरून. ‘की’नंतर लगेच क्रियापद आलं तर ‘की’ स्वतःच कर्ता: ‘की आवे ला क्ले’. ‘की’नंतर दुसरा कर्ता आला, तुमच्या वाक्यात ‘ज’, तर ‘की’ कर्म. मराठीत हे काम प्रत्यय करतात, म्हणून शब्दांच्या क्रमाकडे आपलं लक्षच नसतं.

क्रम ढासळला की काय होतं तेही बघा. थेट प्रश्न ‘की एम मारी?’ याचे दोन अर्थ निघतात: मारीवर कोणाचं प्रेम आहे, किंवा मारीचं कोणावर प्रेम आहे. तिथे शेपूट कामाला येतं. ‘की एस्की एम मारी’ म्हटलं तर पहिला अर्थ, ‘की एस्क मारी एम’ म्हटलं तर दुसरा. ती लांब रूपं नुसती बडबड नाहीत.

---

चिंचबोर · ३:३०

एक अवांतर. मराठीतला ‘की’ (‘मला वाटतं की’) फ्रेंचमध्ये ‘क’ होतो आणि फ्रेंचमधला ‘की’ मराठीत ‘कोण’ होतो. सुरुवातीला मी ‘ज पांस की इल व्हियां’ म्हणायचे, म्हणजे ‘मला वाटतं कोण तो येतो’. शिक्षिका हसू आवरत शांतपणे दुरुस्त करायच्या.

---

मांडवीकाठी · ४:१०

आमची आजी पोर्तुगीज बोलायची. तिच्याकडे हा त्रास नव्हता. ‘ऊ क’ थेट प्रश्नातही आणि आतही. तिथे टेकू आधीपासूनच लावून ठेवलाय. फ्रेंचांनी उगाच घोळ घातला असं माझं मत.

---

मुक्ता_लियों · ४:४५

आता ‘लकेल’वर कोणीतरी बोला. सायकल स्त्रीलिंगी. ‘कोणती सायकल’. मग ‘लाकेल’ का चूक?

---

चिंचबोर · ५:०२

अगं, मराठीत स्त्रीलिंगी! फ्रेंचमध्ये ‘व्हेलो’ पुल्लिंगी. ‘लकेल’ हा ‘कोणता-कोणती’सारखाच लिंगवचनाने बदलतो, पण लिंग त्यांच्या शब्दाचं धरायचं. ‘घर’ आपल्याकडे नपुंसक, त्यांच्याकडे ‘मेझों’ स्त्रीलिंगी. नपुंसक त्यांच्याकडे नाहीच, त्यामुळे आपल्या ‘कोणतं’ला तिकडे सरळ जोडीदार नाही. दर वेळी शब्द आठवावा लागतो.

---

पेन्शनीतली_फ्रेंच · ५:३५

बरोबर. पण मुक्ताच्या बाजूने एक मुद्दा आहे. तिने आधीच्या वाक्यात सायकलला ‘बिसिक्लेत’ म्हटलं असतं तर ‘लाकेल’च बरोबर ठरलं असतं, कारण ‘बिसिक्लेत’ स्त्रीलिंगी आहे. ‘लकेल’ समोरची वस्तू बघून बदलत नाही, त्या वस्तूला आधी ज्या शब्दाने हाक मारली तो शब्द बघून बदलतो. मुक्ता, पत्रात आधी काय लिहिलं आहेस?

---

मुक्ता_लियों · ५:४१

‘व्हेलो’. तीन ठिकाणी. गुन्हा कबूल.

---

पेन्शनीतली_फ्रेंच · ६:१५

मग ‘लकेल’. पोटातल्या प्रश्नात गेल्यावर त्याला काही होत नाही, ‘स’ नको, शेपूट नको: ‘इल मा दमांदे लकेल एते ता म्वा’. या सगळ्या कुटुंबात सरळमार्गी हाच.

मराठी माणसाचा त्याच्याशी घोटाळा होतो तो वेगळ्या जागी. आपला ‘कोणता’ नामाच्या आधीही येतो आणि एकटाही येतो. ‘कोणता शर्ट?’ आणि ‘कोणता?’ शब्द एकच. फ्रेंचमध्ये लगेच नंतर नाम असेल तर नुसतं ‘केल’, नाम गिळलं असेल तर ‘लकेल’. ‘केल व्हेलो?’ पण ‘लकेल?’ ‘लकेल व्हेलो’ असं कानावर आलं की समोरचा मराठी किंवा हिंदी असणार, मी डोळे मिटून सांगते.

आणि ‘लकेल’ला समोर ठरलेला गट लागतो. निवड करायची असते. मराठीत ‘यातला’, ‘पैकी’ म्हणता येत असेल तर बेधडक ‘लकेल’, मग माणसं असली तरी. ‘शेजाऱ्यांपैकी कोण?’ ‘लकेल दे व्हाझें?’ चालतं.

---

अभ्यासू_आई · ७:२०

मुलाच्या बाजूने विचारते, रागावू नका. त्याने ‘तुमचा पत्ता काय आहे’चं ‘केस्क व्होत्र आद्रेस’ केलं, त्याला शून्य. ‘काय’ म्हणजे वस्तू, म्हणून ‘केस्क’. तुमच्या डोकं-शेपूट नियमाने बरोबरच आहे की!

---

पेन्शनीतली_फ्रेंच · ८:०५

रागावत नाही, हा या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. नियमाने क्रियापद लागतं, आणि त्याच्या वाक्यात ते नाही हा एक भाग. पण क्रियापद असतं तरी घोळ होताच. ‘केस्क से, युन आद्रेस?’ म्हणजे ‘पत्ता म्हणजे काय असतं?’ तिथे व्याख्या मागितली जाते. ज्या ‘काय’चं उत्तर अनेक शक्य पत्त्यांतून एक पत्ता असं असतं, ते ‘काय’ फ्रेंचमध्ये ‘कोणता’ आहे. ‘केल ए व्होत्र आद्रेस?’ आपण नाव काय, पत्ता काय, वय काय, किंमत काय, सगळीकडे ‘काय’ म्हणतो. हे सगळे ‘केल’वाले. त्याला सांगा, मराठी वाक्यात ‘काय’च्या जागी ‘कोणता’ घालून अर्थ टिकतो का बघ. ‘तुमचा पत्ता कोणता?’ टिकतो. ‘तुम्ही कोणतं पाहिलंत?’ अर्थ बदलला. म्हणून ते ‘केस्क’.

आणि विचारलं-सांगितलंच्या आत गेल्यावरही ‘केल’च राहतं: ‘इल मा दमांदे केल एते मोन आद्रेस’. ‘स क’ नाही. मुक्ता, तुझ्या पत्रात पत्ता विचारल्याचं वाक्य असेल तर तपास.

---

मुक्ता_लियों · ८:१८

आहे. ‘स क एते मोन आद्रेस’ लिहिलंय. मैत्रिणीच्या नजरेतून सुटलं!

आणखी एक सुटलं असेल तर आताच सांगा. शेवटी मी लिहिलंय, ‘मला काय करावं कळेना’: ‘ज न सावे पा स क फेर’.

---

कोडकर · ८:२५

हे मला येतं! ‘काय’ आहे, कर्म आहे, आत आहे. ‘स क’. बरोबर.

---

चिंचबोर · ८:३१

नाही रे. ‘ज न सावे पा क्वा फेर’. मला कारण माहीत नाही पण ‘स क फेर’ मी कधी ऐकलं नाही.

---

पेन्शनीतली_फ्रेंच · ९:००

चिंचबोर बरोबर. ‘स क’च्या पुढे कर्ता आणि त्याप्रमाणे चालणारं क्रियापद हवं. ‘काय करावं’मध्ये करणारा वेगळा लिहिलेला नाही, क्रियापद मूळ रूपात आहे. तिथे टेकूला बसायला जागाच नाही, मग ‘क्वा’ येतो. पुस्तकी भाषेत अजून ‘ज न से क फेर’ मिळतं, त्यात नुसता ‘क’ आहे आणि ‘पा’ गायब. पत्रात ते नको, विमा कंपनीला वाटेल कोणी जुनी कादंबरी पाठवली.

कोडकर, वाईट वाटून घेऊ नका. ही चूक माझ्या एम.ए.च्या मुलांनीही केली आहे.

---

बंड्या_मॉन्ट्रियल · ९:४०

बाई, एक तुम्हालाच. ‘काय उरलं ते बघ’ हे ‘स की रेस्त’ का ‘स किल रेस्त’? माझा बॉस एक लिहितो, त्याची सेक्रेटरी दुसरं. दोघांचं गेल्या महिन्यात भांडण झालं.

---

पेन्शनीतली_फ्रेंच · १०:१०

दोन्ही चालतं. ‘रेस्ते’ हे क्रियापद दोन तऱ्हांनी वापरतात. एकदा उरलेली वस्तूच कर्ता असते, एकदा पुढे नावापुरता ‘इल’ बसवतात, आपल्या ‘पाऊस पडतो’ला ते ‘इल प्ल’ म्हणतात तसा. पहिल्या तऱ्हेने ‘स की’, दुसऱ्या तऱ्हेने ‘स क इल’, जोडून ‘स किल’. ‘से पासे’चंही तसंच. त्यात घाईत बोलताना ‘इल’मधला ‘ल’ गिळला जातो, दोन्ही ‘स्की’ ऐकू येतात, आणि लिहिताना प्रत्येक जण आपल्या मनातलं लिहितो. काहींच्या मते दोन्हींत अर्थाची बारीक छटा आहे. मला ती कधी ठामपणे पकडता आली नाही.

---

मांडवीकाठी · १०:२२

म्हणजे शेवटी फ्रेंचांनाही कळत नाही. आजीचं पोर्तुगीज बरं.

---

मुक्ता_लियों · पुढचा गुरुवार, संध्याकाळी ६:५०

धागा वर आणते, क्षमस्व. पत्र गेलं, मैत्रिणीने एकही काट मारली नाही, आणि आज विमा कंपनीचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलंय की सायकलला दोन कुलपं होती असं मी म्हटलंय, तर ‘लकेल दे दॅ’ तोडलं गेलं ते कळवावं. ‘आंतिव्होल’ पुल्लिंगी, म्हणून ‘लकेल’. वाचल्यावाचल्या कळलं, शब्दकोश उघडावा लागला नाही.

अडचण एवढीच की दोन्ही कुलपं सायकलीबरोबरच गेली आहेत. तळघरात साधा तुकडासुद्धा सापडला नाही. आता ‘कोणतं तोडलं ते मला माहीत नाही’ असं कळवते: ‘ज न से पा लकेल आ एते कुपे’. हे तरी बरोबर आहे ना?

---

कोडकर · ७:०४

बरोबर वाटतंय. पण माझ्यावर विसंबू नकोस, बाईंची वाट बघ.